गस्त घालणारं खातं आणि दंड ठोठावणारं खातं एकच: मग सत्ताविभाजन राहिलं कुठे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

पर्ससीन जाळं चांगलं की वाईट, हा वाद इथे शंभर वेळा झालाय. तो या धाग्यात नको. मला विचारायचंय ते वेगळंच.

शाळेत शिकलो की कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे आणि निवाडा करणारे वेगळे. आता आपल्या समुद्रात काय चालतं बघा. महाराष्ट्र सागरी मासेमारी विनियमन अधिनियम १९८१ साली विधिमंडळाने केला. पण पर्ससीन वर्षातले कुठले महिने चालेल, हे त्या कायद्यात नाहीच. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर ही मुदत आली ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासनाच्या आदेशातून. गस्ती नौका मत्स्यव्यवसाय खात्याची. बोट पकडली की प्रतिवेदन दाखल करणार तो त्याच खात्याचा परवाना अधिकारी. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड ठरवणारे अभिनिर्णय अधिकारी म्हणजे त्याच खात्याचे सहायक आयुक्त. त्याआधी हे काम तहसीलदारांकडे होतं.

थोडक्यात नियम खात्याचा, धाड खात्याची आणि निवाडाही खात्याचाच. हे घटनेत बसतं का? बसत असेल तर कोणत्या आधारावर? कृपया पक्ष आणि पुढारी बाजूला ठेवून लिहा.

---

आडिवऱ्याचा मास्तर

बसत नाही. सरळ उत्तर आहे. घटनेचा अनुच्छेद ५० म्हणतो की न्याययंत्रणा कार्यकारी यंत्रणेपासून अलग ठेवायची. तीन खांब, तिघांची कामं तीन. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला की ते घटनाबाह्य. दहावीच्या मुलालाही हे सांगता येईल. अशी दुरुस्ती कोर्टात एक दिवस टिकायला नको.

---

जुना वकील

मास्तर, अनुच्छेद बरोबर सांगितलात, पण त्यातून काढलेलं उत्तर चुकलं.

अनुच्छेद ५० मार्गदर्शक तत्त्वांमध्ये येतो. 'याचा भंग झाला, कायदा रद्द करा' असं म्हणत त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. शिवाय तो बोलतो लोकसेवांमधल्या न्याययंत्रणेबद्दल. पूर्वी कलेक्टर आणि मामलेदार फौजदारी खटलेही चालवत, ते थांबवायचं हा त्याचा रोख. फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली, तेव्हा न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी देशभर वेगळे झाले. पहिले हायकोर्टाच्या हाताखाली, दुसरे सरकारच्या. तहसीलदार दुसऱ्या गटातले.

आता गंमत बघा. २०२१ च्या आधी दंड तहसीलदार ठरवत होते, म्हणजे तेव्हाही निवाडा न्यायाधीशाकडे नव्हताच. तो महसूल खात्याकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेला, इतकंच. कार्यकारी यंत्रणेच्या एका खोलीतून फाइल दुसऱ्या खोलीत गेली.

आणि तीन खांबांचं म्हणाल, तर आपल्याकडे मंत्री आमदारच असतो ना? मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं, तिचा विश्वास गेला की घरी जातं. अमेरिकेत मंत्री झालेला माणूस सभागृहाचा सदस्य राहू शकत नाही. तिथलं चित्र इथे लावून चालणार नाही. सुप्रीम कोर्टाने १९५५ साली रामजवाया कपूर खटल्यात हेच सांगितलं. पंजाब सरकार शाळेची पुस्तकं स्वतः छापायला लागलं, प्रकाशक कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं की आपल्या घटनेने सत्ताविभाजन अगदी काटेकोर स्वरूपात स्वीकारलेलं नाही, पण तिन्ही अंगांची कामं पुरेशी वेगळी केलेली आहेत, आणि एका अंगाने दुसऱ्याचं मूळ काम बळकावणं तिला मान्य नाही.

तेव्हा 'हात घातला का' एवढ्यावर थांबू नका. 'मूळ काम बळकावलं का' हे विचारा.

---

सुरमई थाळी

एवढं पाल्हाळ कशाला? समुद्र केंद्राचा. कोस्ट गार्ड केंद्राचं. राज्याला मुळात अधिकारच नाही, मग सहायक आयुक्त काय नि तहसीलदार काय. सत्तेची वाटणी घटनेच्या सातव्या अनुसूचीत दिलेली आहे.

---

जुना वकील

थाळीराव, तुम्ही केंद्र आणि राज्य यांच्या वाटणीबद्दल बोलताय. धागा एकाच सरकारातल्या तीन अंगांबद्दल आहे. दोन्हीला मराठीत आपण 'सत्तेची विभागणी' म्हणतो, त्यामुळे गल्लत होते.

पण तुमचा मुद्दा अगदीच वाया नाही, पुढे उपयोगी पडेल. मासेमारी हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद २१. प्रादेशिक सागरी हद्दीबाहेरची मासेमारी मात्र केंद्राची, संघसूचीतली नोंद ५७. हद्द १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. आणि हे अंतर पुळणीपासून किंवा दीपस्तंभापासून मोजत नाहीत, केंद्राने अधिसूचित केलेल्या आधाररेषेपासून मोजतात. बोट पकडली तेव्हा ती आत होती की बाहेर, यावर अख्खं प्रकरण फिरू शकतं.

---

रापणकर

माका एक सांगा वकीलसाहेब. तुमी म्हणतास खोली बदलली इतक्याच. पण आमच्यासाठी ता इतक्याच नाय. तहसीलदाराकडे निवडणुको, सातबारो, पूर, पंचनामे, हजार कामा. मासळीची फाइल तळाक. तवसर हंगाम संपता, दंड होता तो एका रात्रीच्या म्हावऱ्यात वसूल. मगे जाळा टाकणाऱ्याक भीती कसली? आमची रापण किनाऱ्यार रिकामी येता. म्हणान आमीच मागणी केली होती, खात्याक अधिकार देवा आणि दंड वाढवा.

---

फाइलवाला

रापणकरांशी सहमत. दुरुस्तीमागचं कारण नोंदवायलाच हवं. तहसील कचेरीत अभिनिर्णयाचं काम म्हणजे दुय्यम काम. तहसीलदाराला जाळ्याची आस कशी मोजतात, रिंगसीन कुठलं आणि पर्ससीन कुठलं, हे खात्याच्याच माणसाला विचारावं लागे. म्हणजे निवाडा करणारा नावाला त्रयस्थ, आणि माहितीसाठी पूर्ण अवलंबून फिर्यादीवर. त्यात बदली झाली की नवा साहेब पहिल्यापासून सुनावणी घेणार.

२०२१ ला दोन गोष्टी एकदम बदलल्या. निवाडा खात्याकडे आला आणि दंड लाखांत गेला. एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला तर ५ ते २० लाख. पहिल्या बदलाला कोणी फारशी हरकत घेतली नसती. पण दोन्ही एकत्र आले की हरकतीला वजन येतं. पाचशे रुपयांची पावती खात्याच्या माणसाने फाडली तर चालतं. पाच लाखांचा आदेश त्याच खात्याने काढायचा, तर कागद चोख हवा.

---

खाडीकाठ

छान चाललंय. वकीलसाहेब, पायरीपायरीने जाऊ या का? आधी नियम करण्याचं सांगा. विधिमंडळाने कायदा केला, पण मुदत आणि क्षेत्र आदेशाने ठरलं. हे कायदा करण्याचं काम खात्याने बळकावणं नाही का?

---

जुना वकील

नाही, पण त्याला मर्यादा आहे. ती १९५१ पासून ठरलेली आहे, दिल्ली लॉज अॅक्टच्या प्रकरणात. विधिमंडळाने धोरण स्वतः ठरवायचं, तपशील खात्यावर सोपवला तर चालतो. आपला १९८१ चा कायदा काय म्हणतो? पारंपरिक मच्छीमारांचं हित जपायचं, मासळीचं संवर्धन करायचं, समुद्रात भांडणं होऊ द्यायची नाहीत, आणि यासाठी सरकारने आदेशाने मासेमारीवर बंधनं घालायची. हे झालं धोरण. कुठल्या महिन्यात कुठलं जाळं, हा तपशील. मासळी दर वर्षी हलते, त्यासाठी दर वेळी नागपूरचं अधिवेशन कोण भरवणार?

म्हणून २०१६ च्या आदेशावर बोलायचं तर 'हा विधिमंडळाने का केला नाही' असं म्हणून भागत नाही. तपासायच्या गोष्टी वेगळ्या. हा आदेश कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या आत आहे का? कायद्यात लिहिलेल्या हेतूंसाठीच आहे का? राजपत्रात रीतसर निघालाय का? नुसता शासन निर्णय किंवा परिपत्रक असेल तर त्याच्या जोरावर कोणाला दंड करता येत नाही. दंडाला कायद्याचा किंवा कायद्याखालच्या आदेशाचा पाया लागतो. लोक इथेच चुकतात. खात्याच्या प्रत्येक कागदाला 'जीआर आलाय' म्हणतात आणि सगळे कागद सारख्याच वजनाचे समजतात.

केरळचं उदाहरण घ्या. त्यांनी १९८० च्या त्यांच्या कायद्याखाली प्रादेशिक हद्दीत पर्ससीनवर बंदी घातली. पर्ससीनवाले सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली. पारंपरिक मच्छीमारांचं पोट आणि यांत्रिक बोटींचा धंदा यांत कुठे रेघ ओढायची, हे ठरवणं सरकारचं काम. कोर्ट बघणार ते ती रेघ कायद्यात बसते का, आणि मनमानी आहे का.

---

आडिवऱ्याचा मास्तर

मार्गदर्शक तत्त्वाबद्दल माझी चूक मान्य. पण २०२१ ची दुरुस्ती आधी अध्यादेशाने आली होती ना? म्हणजे दंड वाढवणं आणि निवाड्याचा अधिकार हलवणं, ही धोरणाची गोष्ट मंत्रिमंडळाने परस्पर केली. तिथे तरी विधिमंडळाचं काम पळवलंच की.

---

जुना वकील

हा प्रश्न चांगला आहे. अनुच्छेद २१३ राज्यपालांना अध्यादेश काढू देतो, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. पण अधिवेशन चालू नसतानाच. आणि अधिवेशन सुरू झालं की सहा आठवड्यांत विधिमंडळाने तो कायदा म्हणून मंजूर करायचा, नाहीतर तो आपोआप संपतो. आपल्याकडे नंतर विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, त्यामुळे ती तक्रार तिथेच मिटते.

जिथे मंजूर करत नाहीत तिथे खरी चोरी असते. बिहारने १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश काढले आणि तेच तेच पुन्हा काढत राहिले. काही तर दहा वर्षांहून जास्त जगले. हे उघडकीला आणलं ते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. वाधवांनी, आणि डिसेंबर १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं. २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की अध्यादेश विधिमंडळापुढे ठेवणं बंधनकारक आहे, ऐच्छिक नाही.

---

सुपारीबाग

थोडं अवांतर, पण राहवत नाही. आम्हाला सीआरझेडमधलं बांधकाम काढायची नोटीस आलीय. आमदारसाहेब म्हणाले 'मी बघतो, साहेबांना फोन करतो'. मग सत्ताविभाजनात आमदार साहेबांना सांगू शकतो का नाही?

---

फाइलवाला

सुपारीबाग, फोन करू शकतात, लोक करतातही. पण नोटिशीवर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो फोन मनात धरून निर्णय घेतला तर तो निर्णय टिकत नाही. ज्याच्या हातात कायद्याने निवाडा दिलाय त्याने स्वतःच्या डोक्याने तो द्यायचा, वरून आलेल्या सांगण्यावरून नाही. मग सांगणारा आमदार असो, मंत्री असो, नाहीतर त्याचाच वरिष्ठ. आमदाराचं काम विधानसभेत प्रश्न विचारणं आणि कायदा बदलणं. तुमच्या नोटिशीचं उत्तर तुम्हीच मुदतीत, लेखी, पोच घेऊन द्या. फोनवर विसंबून मुदत घालवणारे नंतर हात चोळत बसतात.

सीआरझेडचा वेगळा धागा काढा, इथे नको.

---

खाडीकाठ

आता मूळ मुद्द्यावर. निवाडा. एखादं काल्पनिक प्रकरण घेऊन सांगता का कोणी? नावं-गावं नकोत.

---

जुना वकील

घेऊ. ९ जानेवारी, रात्री साडेदहा. गस्ती नौकेने एक बोट अडवली. बोटीवर पर्ससीन जाळं आणि ८०० किलो बांगडा. परवाना आहे, पण हंगाम ३१ डिसेंबरला संपलेला.

पहिला कागद पंचनामा. त्यात जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, वेळ, जाळ्याचं वर्णन, जाळं ओलं होतं की कोरडं, पाण्यात होतं की डेकवर, मासळी कुठली आणि किती, आणि पंचांच्या सह्या असायला हव्यात. ओलं-कोरडं याला महत्त्व आहे. जाळं वाहून नेणं आणि जाळं टाकणं या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत एक नाहीत, आणि तांडेल पहिला बचाव हाच घेणार. दुसरा बचाव जागेचा. आकडे आधाररेषेपासून बारा मैलांच्या आतले की बाहेरचे?

बोट बंदरात आणून लावतात. मासळी सडणार, म्हणून तिचा लिलाव होतो आणि रक्कम सरकारजमा राहते. लिलावाची पावती बोटमालकाने मागून घ्यायची, कारण प्रकरण त्याच्या बाजूने लागलं तर मासे परत मिळणार नाहीत, ती रक्कमच मिळायची.

मग परवाना अधिकारी अभिनिर्णय अधिकाऱ्याकडे प्रतिवेदन दाखल करतो. इथपर्यंतचं सगळं काम प्रशासनाचं, त्यात कोणाचंच दुमत नाही. इथून पुढे टोपी बदलते. सहायक आयुक्त आता खात्याचे प्रमुख म्हणून बसलेले नाहीत, निवाडा देणारे म्हणून बसलेत. बोटमालकाला नोटीस, सोबत पंचनाम्याची आणि प्रतिवेदनाची प्रत, उत्तराला वेळ, सुनावणी, आणि शेवटी कारणं दिलेला आदेश. टोपी खरंच बदलली की नुसती खुर्ची तीच ठेवून सही केली, हे आदेश वाचून कळतं.

समजा आदेशात असं लिहिलंय: 'परवाना अधिकारी यांचे प्रतिवेदन पाहिले. सामनेवाले यांचा खुलासा समाधानकारक नाही. सबब दंड.' बोटमालकाने जागेचा आणि कोरड्या जाळ्याचा मुद्दा लेखी मांडला होता, त्याचा आदेशात उल्लेखच नाही. हा निवाडा नव्हे. ही खात्याने खात्याला दिलेली पोच. असा आदेश अपिलात किंवा हायकोर्टात सहज पडतो.

उलट आदेशात आकडे घेतले, ते हद्दीत येतात हे दाखवलं, जाळं ओलं असल्याचं पंचनाम्यातलं वाक्य उतरवलं, बचाव का मान्य नाही ते दोन ओळींत सांगितलं, तर खातं एकच असूनही तो आदेश बहुधा टिकतो.

---

तांडेल ७४

सगळं ठीक, पण साहेबच जर त्या रात्री गस्ती नौकेवर असले तर? किंवा धाडीचं नियोजन त्यांनीच केलं असेल तर? जिल्ह्यात अधिकारी असतात किती? पकडणाराही तोच, न्याय देणाराही तोच. आम्ही काय म्हणायचं, 'साहेब, तुमची रात्रीची चूक सकाळी तुम्हीच तपासा'?

---

जुना वकील

तांडेल, धाग्यातला सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा.

कोणी स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व खात्यांनाही लागू आहे. आंध्रचं १९५८ चं गुल्लापल्ली प्रकरण बघा. सरकारला बसमार्ग सरकारी महामंडळाकडे द्यायचे होते. खाजगी बसवाल्यांच्या हरकती ऐकल्या परिवहन खात्याच्या सचिवाने, आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्याने. सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. दोन कारणं: सचिव त्याच खात्याचा, म्हणजे एका बाजूचा माणूस, आणि ऐकणारा एक, ठरवणारा दुसरा, तर ऐकण्याला अर्थ काय? मग नियम बदलले, सुनावणी खुद्द मंत्र्याने घेतली. बसवाले परत गेले आणि या वेळी हरले. मंत्री खात्याचा जबाबदार असला तरी सचिवासारखा खात्यातलाच घटक नव्हे, असं कोर्ट म्हणालं. दोन निकाल एका वर्षाच्या आत. या दुसऱ्या निकालातला फरक मला आजही फारसा पटत नाही, पण कायदा तो आहे.

तुमच्या प्रश्नाला लावू. सहायक आयुक्त केवळ त्या खात्याचे आहेत, एवढ्यावर आदेश रद्द होणं कठीण, कारण विधिमंडळानेच त्यांना नेमलंय. विधिमंडळाने दिलेली जबाबदारी 'दुसरा कोणी सक्षम नाही' या कारणाने पार पाडावीच लागते. पण ते स्वतः त्या रात्री नौकेवर होते, पंचनाम्यावर त्यांची सही आहे, तर ते साक्षीदार झाले. साक्षीदाराने न्यायासनावर बसायचं नाही. तिथे हरकत भक्कम आहे.

आणि ही हरकत पहिल्या लेखी उत्तरातच घ्या. 'आपण स्वतः गस्तीवर होतात, तेव्हा हे प्रकरण दुसऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावं.' एवढं एक वाक्य पुरतं. आधी गप्प बसून, आदेश विरुद्ध गेल्यावर पक्षपात आठवला तर कोर्ट ऐकत नाही. हे १९५७ पासून ठरलेलं आहे, माणकलाल प्रकरणात. हरकत खरी होती, तरी वेळेत घेतली नाही म्हणून तो हरला.

---

रापणकर

म्हणजे मोठे बोटवाले आता ह्या वाक्य पाठ करतले आणि प्रत्येक केशीत घालतले. फाइल परत फिरत रवतली. आमची रापण तशीच रिकामी.

---

फाइलवाला

तो धोका आहेच. पण त्याच्यावरचा उपाय हरकत बंद करण्यात नाही. खात्याने गस्त आणि अभिनिर्णय यांची माणसं कागदावर आधीच वेगळी ठेवली, आणि सहायक आयुक्तांनी नौकेवर पाऊलच ठेवलं नाही, तर हरकतीचं वाक्य पोकळ ठरतं. याला कायदा बदलावा लागत नाही, अंतर्गत कार्यालयीन आदेश पुरतो. पंचनाम्याचा छापील नमुना नीट असला, त्यात आकडे आणि जाळ्याची अवस्था भरायला रकाना असला, तर निम्मी अपिलं जागीच संपतील.

---

सुरमई थाळी

हायकोर्टात गेलं की तिथे सगळंच परत तपासतात ना? मग खाली काय झालं त्याने काय फरक पडतो?

---

जुना वकील

नाही तपासत. बांगडा ८०० किलो होता की ६००, हे हायकोर्ट मोजत बसत नाही. अनुच्छेद २२६ खाली ते निवाड्याची रीत बघतं: अधिकार होता का, ऐकून घेतलं का, कारणं दिली का. चूक सापडली तर आदेश रद्द करून बहुतेकदा प्रकरण परत खाली पाठवतं. दंडाचा आकडा स्वतः क्वचितच ठरवतं, कारण ते काम विधिमंडळाने दुसऱ्याला दिलंय. कोर्टानेही आपली पायरी सांभाळणं हे याच विभाजनाचं अंग.

शिवाय कायद्यात अपील असताना थेट रिट केलं तर 'आधी अपिलात जा' म्हणून परत पाठवतात. म्हणणं मांडू दिलं नाही, अधिकारच नव्हता, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान आहे, अशा वेळी थेट ऐकतात. अपिलाची मुदत आदेश हातात पडल्यापासून धावते, रिटच्या नादात ती घालवू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी लक्षात ठेवा, १८ ऑगस्ट २०२५ पासून आपली प्रकरणं हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. रायगडवाल्यांना मुंबईच.

---

तांडेल ७४

कोर्टाने पायरी सांभाळायची म्हणता, मग सुप्रीम कोर्टाने २०२३ ला पर्ससीनला परवानगी दिली ती कशी? आठवड्यातले दोन दिवस. ती इथे पण लागू आहे, असं बंदरावर सगळे सांगतात.

---

जुना वकील

बंदरावर सांगतात ते चूक. २४ जानेवारी २०२३ चा तो अंतरिम आदेश आहे, तामिळनाडूच्या प्रकरणातला. प्रादेशिक हद्दीच्या बाहेर, म्हणजे बारा मैलांपलीकडे, नोंदणीकृत बोटींना, माग काढणारं यंत्र लावून, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. महाराष्ट्रातल्या बारा मैलांच्या आतल्या कोणालाही त्याचा उपयोग नाही. हा आदेश घेऊन इथे जाल तर दंडच भराल.

पण तुमच्या टोचणीत तथ्य आहे. वार आणि वेळ ठरवणं हे निवाड्याचं काम आहे का? सकाळी आठला निघून, बारा मैल ओलांडून, जाळं मारून, सहाला बंदरात? तिथल्या मच्छीमारांनीही लगेच हेच म्हटलं की दहा तासांत हे जमणारं नाही. वारं-पाणी बघून वेळापत्रक ठरवायला खात्याकडे माणसं असतात, कोर्टाकडे नसतात.

---

आडिवऱ्याचा मास्तर

इथे मी कोर्टाची बाजू घेतो. प्रकरण निकाली निघेपर्यंत पूर्ण बंदी ठेवली तर एका बाजूचा धंदा बुडतो, पूर्ण मोकळीक दिली तर दुसऱ्याचा समुद्र. मधला तात्पुरता मार्ग काढणं हे कोर्टाचं रोजचंच काम आहे. शेताच्या बांधाच्या वादात मनाई देताना कोर्ट 'पेरणी करा, पण झाडं तोडू नका' म्हणतंच ना? त्याला कोणी कायदा केला म्हणत नाही.

---

जुना वकील

मास्तर, या वेळी तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही, पण पूर्ण पटतही नाही. बांधाच्या वादात दोनच माणसं असतात. इथे त्या वेळापत्रकाने वादात नसलेल्या हजारो बोटींचं आणि रापणींचं चालणं ठरतं. सर्वांना लागू होणारा, पुढच्या काळासाठीचा नियम, त्याला आपण कायदाच म्हणतो.

---

रापणकर

तुमचो दोघांचो वाद चालू दे. माका फक्त एकच विचारूचा हा. उद्या हय असो दोन दिवसांचो आदेश इलो, तर सोमवारी कोण बघतलो बोट बारा मैलांच्या भायर हा काय ती? कोर्टाची होडी तर नाय.

---

फाइलवाला

खात्याचीच. आणि पुढच्या सोमवारी पंचनामा, प्रतिवेदन, नोटीस, सगळं परत त्याच टेबलावर.

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

रापणकरांच्या प्रश्नावर कोणाला माग काढणाऱ्या यंत्रांची प्रत्यक्ष माहिती असेल तर लिहा. त्याची नोंद अभिनिर्णयात पुरावा म्हणून कशी घेतात, प्रमाणपत्र कोणाचं लागतं, आणि बोटमालकाला तिची प्रत मिळते का? पंचनाम्यातल्या जीपीएसच्या आकड्यांपेक्षा ती नोंद वेगळी निघाली तर कुठली धरणार, यावर वकीलसाहेबांनीही सवडीने लिहावं.